बदलीचं पत्र आणि घरभाड्याचं गणित

नागपूरच्या एका इंजिनीअरला ठाण्याला बदली झाल्याचं पत्र येतं. पगार तोच, स्थलांतरासाठी एकरकमी दोन लाख रुपये, महिन्याभरात रुजू व्हायचं. दोन लाखांचा आकडा पाहून घरात आनंद होतो आणि होकार कळवला जातो. पण होकार देण्याआधी अर्धा तास कागद-पेन घेऊन बसलं, तर हे दोन लाख कुठे जातात ते दिसतं.

समजा, त्याचं करपात्र उत्पन्न १७ लाख आहे आणि तो नव्या करप्रणालीत आहे. कंपनीने ही रक्कम पगारासोबत नुसती जमा केली, तर २०२५-२६च्या दरांनुसार तिच्यावर उपकरासह २०.८ टक्के कर कापला जाईल. म्हणजे ४१,६०० रुपये गेले, हातात आले १,५८,४००. आता खर्च मांडू. पॅकर्सचा ट्रक आणि सामानाचा विमा ६५ हजार, कुटुंबाचा प्रवास १० हजार, ठाण्यातल्या ३८ हजार भाड्याच्या घरासाठी एका महिन्याची दलाली ३८ हजार, मुलीच्या शाळाप्रवेशाचे ७० हजार. बेरीज १,८३,०००. म्हणजे सुरुवातीलाच जवळपास २५ हजार खिशातून गेले. घरमालकाला द्यायचं दीड लाखाचं डिपॉझिट यात धरलेलंच नाही. आणि नागपुरात भाडं १६ हजार होतं, त्यामुळे आता दर महिन्याला २२ हजार जास्त जाणार.

म्हणून कंपनीशी बोलताना पैशाचे तीन वेगळे हिशेब करावेत: एकदाच होणारा खर्च, अडकून पडणारा पैसा आणि दरमहा वाढणारा खर्च. प्रत्येकासाठी मागणी वेगळी असते.

एकदाच होणाऱ्या खर्चात रोख रक्कम मागण्यापेक्षा बिलं कंपनीने भरावीत, अशी मागणी करावी. बदलीच्या वेळी झालेला प्रवास आणि सामान हलवण्याचा प्रत्यक्ष खर्च कंपनीने बिलांवर दिला, तर त्यावर कर लागत नाही, नव्या प्रणालीतही नाही. घर मिळेपर्यंत कंपनीने हॉटेलात सोय केली, तर पहिले १५ दिवस तीही करमुक्त असते. दलाली आणि शाळेची फी मात्र करपात्र ठरते. म्हणून या दोन्हींवरचा कर कंपनी सोसेल, असं पत्रात लिहून घ्यावं. पॅकर्सची तीन कोटेशनं मागणीसोबत जोडावीत. समोरच्याला अंदाजापेक्षा कागदाला मंजुरी देणं सोपं जातं.

डिपॉझिट हा खर्च नाही, ते परत मिळणारे पैसे आहेत. त्यामुळे कंपनीला त्याची मदत करणं तुलनेने सोपं असतं. कंपनीने ते थेट घरमालकाला द्यावं आणि घर सोडताना परत घ्यावं. करारनामा कंपनीच्या नावावर असेल, तर हे सरळ होतं.

सगळ्यात महत्त्वाचा हिशेब तिसरा, आणि नेमका तोच बोलायचा राहून जातो. २२ हजारांचा फरक हातात पडायचा असेल, तर कर धरून पगारात सुमारे २८ हजार वाढायला हवेत. मॅनेजरशी बोलताना इतकं साधं म्हणावं: "सर, ट्रकचा खर्च एकदाचा आहे, भाडं दरमहा आहे. याच भागातल्या तीन घरांचे दर सोबत दिले आहेत." कंपनी बहुधा मूळ पगार न वाढवता 'सिटी अलाउन्स' देऊ करते. घ्यायला हरकत नाही, पण दोन गोष्टी विचाराव्यात. हा भत्ता किती वर्षं राहील? आणि तो दरवर्षी कमी होत जाणार आहे का? भाडं तर दरवर्षी वाढतंच. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मूळ पगारावर ठरतात, म्हणून वाढीचा थोडा भाग तरी मूळ पगारात आला, तर फायदा पुढची सगळी वर्षं मिळतो.

"पॉलिसीत बसत नाही," हे उत्तर येतंच. तेव्हा रकमेवर अडून न बसता तारखेवर बोलावं. एप्रिलमध्ये रुजू होऊन शाळा सुरू होण्याआधी, जूनमध्ये कुटुंब आणायचं आणि मधल्या काळातल्या दोन फेऱ्यांचं भाडं कंपनीने द्यायचं. यासाठी कंपनीला फारसा खर्च येत नाही आणि मुलीचं वर्षही मोडत नाही.

सही करण्याआधी शेवटचं कलम नीट वाचावं. एका वर्षात नोकरी सोडली तर सगळा खर्च परत द्यावा लागेल, असं त्यात बहुधा असतं. अकरा महिने काम करून पूर्ण रक्कम फेडावी लागणं जाचक आहे. उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणातच वसुली व्हावी आणि कंपनीनेच कामावरून कमी केलं तर वसुली होऊ नये, ही दोन वाक्यं घालायला सांगावं. हे सगळं रुजू होण्याआधी, पत्रावरच. ट्रक निघाल्यावर यातलं काहीच मागता येत नाही.