अठ्ठेचाळीस मुलं, एकही रांग नाही

पीटीचा तास पस्तीस मिनिटांचा, वर्गात 48 मुलं. शिट्टी वाजते, बारा-बारा जणांच्या चार रांगा लागतात आणि प्रत्येक रांगेतला पहिला मुलगा समोरच्या शंकूला वळसा घालून परत येतो. जाऊन यायला 12 सेकंद धरले, तर त्याची पुढची पाळी दोन मिनिटांनंतरच. दहा मिनिटांच्या वॉर्म-अपमध्ये एकेक मूल जेमतेम पन्नास सेकंद पळतं. उरलेला वेळ ढकलाढकलीत आणि पुढच्याचा शर्ट ओढण्यात जातो. लांबून बघणाऱ्याला मात्र हे सगळं फार शिस्तीचं वाटतं.

वॉर्म-अपचा उद्देश साधा असतो. स्नायू तापावेत, श्वास आणि नाडी हळूहळू वाढावी, आणि खेळात ज्या हालचाली करायच्या आहेत त्या आधी कमी वेगात होऊन जाव्यात. रांगेत बारा सेकंदांनी वाढलेली नाडी दोन मिनिटांत पुन्हा खाली येते. आणि पुढे खो-खो असेल तर मागणी एकदम मोठी: बसल्या जागेवरून उठून झेप, जोरात धाव, खांबाला वळसा.

म्हणून खो-खोपूर्वीची दहा मिनिटं अशी बांधता येतात. फक्कीने साधारण वीस बाय वीस मीटरचा चौकोन आखायचा आणि सगळी मुलं एकाच वेळी आत सोडायची. पहिली तीन मिनिटं मोकळ्या जागेकडे चालायचं, मग हलकं धावायचं. एक शिट्टी म्हणजे दिशा बदल, दोन म्हणजे बाजूच्या उड्या, तीन म्हणजे उकिडवं बसून उठणं. सुरुवात चालण्यानेच करावी. पहिल्याच मिनिटाला पळायला लावलं की मान खाली घालून धावणारी दोन मुलं एकमेकांवर आदळतात. दम्याचा त्रास असलेल्या मुलांनाही ही हळू चढण मानवते, फक्त त्यांचा इनहेलर दप्तरात न ठेवता मैदानावर हवा.

पुढची चार मिनिटं विष-अमृतची. हा खेळ मुलांना येतोच, पण जुन्या पद्धतीने खेळला तर एकच जण पकडणारा आणि विष मिळालेले निवांत बसलेले. त्यात थोडे फेरफार करायचे. पकडणारे सहा ठेवायचे आणि दर मिनिटाला बदलायचे. विष मिळालं की जागेवर एका पायावर तोल सांभाळत उभं राहायचं, अमृत मिळालं की पुन्हा पळायचं. पाठीवर थाप मारायची नाही, खांद्याला हलका स्पर्श पुरे. बाद कोणीच होत नाही, आणि हा नियम सर्वांत महत्त्वाचा. ज्या खेळात पकडलेला बाहेर बसतो, त्यात सगळ्यांत आधी बाहेर जातं ते हळू पळणारं मूल. पळण्याची सर्वांत जास्त गरज नेमकी त्यालाच असते.

शेवटची तीन मिनिटं जोड्यांची. एक जण धावणारा, दुसरा त्याची सावली. वीस सेकंदांनी भूमिका बदलायच्या. मग उकिडवं बसायचं आणि जोडीदाराने पाठीमागून ‘खो’ म्हणताच उठून पाच पावलं जोरात पळायचं. इथे शिक्षकाने गुडघ्यांकडे बघावं. थांबताना किंवा उडीनंतर गुडघे आत वळत असतील, तर ‘पाय खांद्याएवढे लांब, गुडघा अंगठ्याच्या रेषेत’ एवढंच सांगावं.

उभ्या उभ्या एकेक मिनिट स्नायू ताणून धरण्याची जुनी सवय मात्र धावण्याच्या तोंडावर टाळलेली बरी. लांबलेला ताण स्नायूंची ताकद थोडा वेळ कमी करतो. तो तासाच्या शेवटी घ्यावा.

अशा तयारीचा फायदा मोजलाही गेला आहे. 7 ते 13 वयाच्या फुटबॉलपटू मुलांसाठीचा ‘फिफा 11+ किड्स’ हा पंधरा-वीस मिनिटांचा कार्यक्रम युरोपातल्या चार देशांत तपासला गेला. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तो करणाऱ्या संघांत दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. त्यात तोल सांभाळणं, उडी मारून नीट उतरणं, पडायचं कसं हे शिकवलं जातं. अर्थात ती क्लबमध्ये नियमित सराव करणारी मुलं होती. आठवड्यातून दोन तास मिळणाऱ्या वर्गाला तेवढाच गुण येईल असं धरून चालणं घाईचं ठरेल.

वर्गात मात्र एक मोजणी कुठल्याही शिक्षकाला करता येते. दर अर्ध्या मिनिटाला नजर फिरवायची आणि नुसती उभी असलेली मुलं मोजायची. चारपेक्षा जास्त दिसली तर पकडणारे वाढवायचे किंवा चौकोन मोठा करायचा. दहा मिनिटांनंतर गाल लालसर, श्वास जोरात, पण पूर्ण वाक्य बोलता येतंय, एवढं झालं की खांबापाशी खुशाल डाव मांडावा. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल, तर एखादं मिनिट चालायला लावून मगच पहिला खो द्यावा.