मोठ्या गावाला दहा चिठ्ठ्या

एका तालुक्यात कांद्याची लागवड एकूण किती हेक्टरवर झाली, हे जाणून घ्यायचे आहे. प्रत्येक गावी जाऊन मोजणी करण्याइतका वेळ हाताशी नाही, माणसेही नाहीत. काही गावे निवडायची, तिथे नीट मोजायचे आणि त्यावरून तालुक्याचा आकडा काढायचा, एवढाच मार्ग उरतो. अडचण अशी की गावे सारखी नसतात. एका गावाचे लागवडीखालील क्षेत्र शंभर हेक्टर, तर शेजारच्या बाजारपेठेच्या गावाचे हजार. सगळ्या गावांच्या नावाची एकेक चिठ्ठी टाकून सोडत काढली, तर हाती लहान गावे आली की एकूण आकडा फार खाली जातो आणि मोठे गाव आले की एकदम वर उडतो.

मॉरिस हॅन्सन आणि विल्यम हर्विट्झ हे अमेरिकेच्या जनगणना खात्यातले दोन संख्याशास्त्रज्ञ. त्यांच्यापुढेही लहानमोठ्या प्रदेशांचा हाच प्रश्न होता. १९४३ साली त्यांनी लिहिलेल्या निबंधातला उपाय असा: मोठ्या घटकाला निवडून येण्याची संधी जास्त द्यायची, पण ती नेमकी किती दिली याची नोंद ठेवायची आणि हिशेबाच्या वेळी तेवढ्यानेच भागायचे. आजही हे सूत्र त्या दोघांच्याच नावाने ओळखले जाते.

समजण्यासाठी पाच गावांचा एक छोटा तालुका कल्पू. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत. गावांचे लागवडीखालील क्षेत्र अनुक्रमे १००, २००, ३००, ४०० आणि १००० हेक्टर, म्हणजे एकूण २०००. हे आकडे दफ्तरी आधीच नोंदलेले आहेत. शंभर हेक्टरला एक चिठ्ठी या हिशेबाने पहिल्या गावाला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३, चौथ्याला ४ आणि पाचव्याला १० चिठ्ठ्या द्यायच्या. एकूण चिठ्ठ्या वीस. एक चिठ्ठी काढायची, गावाचे नाव लिहून घ्यायचे आणि चिठ्ठी पुन्हा डब्यात टाकायची. मग दुसरी काढायची. चिठ्ठी परत टाकल्यामुळे प्रत्येक वेळी डबा तसाच राहतो. पहिल्या गावाची संभाव्यता दर वेळी ०.०५ आणि पाचव्याची ०.५०.

गावे हजारोंनी असली की चिठ्ठ्या करणे आणि क्षेत्रांच्या बेरजांची लांबलचक यादी मांडणे जिकिरीचे होते. भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या डी. बी. लाहिरी यांनी १९५१ साली त्यासाठी सोपी रीत सुचवली. एक गाव सरळ सोडतीने घ्यायचे आणि १ ते १००० (म्हणजे सर्वांत मोठ्या गावाच्या क्षेत्राइतक्या) आकड्यांतून एक आकडा काढायचा. तो त्या गावाच्या क्षेत्राइतका किंवा त्याहून कमी असेल तर गाव घ्यायचे, नसेल तर दोन्ही गोष्टी पुन्हा पहिल्यापासून करायच्या. संधी आपोआप क्षेत्राच्या प्रमाणात पडते आणि एकही बेरीज करावी लागत नाही.

आता हिशेब. कांद्याखालचे खरे क्षेत्र अनुक्रमे १२, १८, ३३, ३६ आणि १०१ हेक्टर आहे असे धरू, एकूण २००. हे आपल्याला ठाऊक नाही, तेच तर शोधायचे आहे. समजा सोडतीत चौथे आणि पाचवे गाव आले. प्रत्येक गावात मोजलेले क्षेत्र त्या गावाच्या संभाव्यतेने भागायचे. चौथ्याचे ३६ ला ०.२० ने भागले की १८०. पाचव्याचे १०१ ला ०.५० ने भागले की २०२. दोन्हींची सरासरी १९१ हेक्टर, हाच तालुक्याचा अंदाज. n वेळा सोडत काढली असेल, तर:

Ŷ = (1/n) Σ (yᵢ / pᵢ)

इथे yᵢ म्हणजे गावात मोजलेले क्षेत्र आणि pᵢ म्हणजे एका सोडतीत ते गाव येण्याची संभाव्यता. एकाच गावाला भागून निघालेला आकडा हा सबंध तालुक्याचा अंदाज असतो, हे आधी विचित्र वाटते. पण पहिल्या गावाकडे पाहा. त्याचे १२ हेक्टर ०.०५ ने भागले की २४० येतात आणि हा आकडा वीसात एकदाच हाती येतो. २४० चा विसावा भाग पुन्हा १२ च. प्रत्येक गावाचे असेच होते. जितक्या जास्त वेळा ते येते, तितक्यानेच त्याला भागलेले असते. म्हणून सर्व शक्य सोडतींची सरासरी काढली तर ती पाचही गावांची बेरीज, म्हणजे बरोबर २०० भरते. अंदाज ना वरच्या बाजूला कलतो ना खालच्या.

हे भागणे विसरले की काय होते, तेही पाहू, कारण ही चूक खरोखर होते. चिठ्ठ्या क्षेत्राप्रमाणे टाकल्या, पण अंदाज मात्र नेहमीच्या सवयीने काढला: ३६ आणि १०१ ची सरासरी ६८.५, गुणिले पाच गावे, ३४२.५ हेक्टर. ही एका सोडतीची दुर्दैवी गत नव्हे. अशा रीतीने काढलेल्या सर्व अंदाजांची सरासरीच सुमारे ३२५ येते आणि सोडती कितीही वाढवल्या तरी ती २०० कडे सरकत नाही.

अंदाज सरासरीने बरोबर असणे पुरेसे नाही. एकेक सोडत खऱ्या आकड्यापासून किती भरकटते, ते प्रचरण सांगते:

V = (1/n) Σ pᵢ (yᵢ/pᵢ − Y)²

इथे बेरीज सगळ्या गावांची आहे आणि Y म्हणजे खरे एकूण क्षेत्र. आपल्या पाच गावांचे भागून आलेले आकडे आहेत २४०, १८०, २२०, १८० आणि २०२. सगळे २०० च्या आसपास. त्यामुळे दोन सोडतींसाठी प्रचरण फक्त १३१ येते. त्याचे वर्गमूळ सुमारे ११.४ हेक्टर, म्हणजे अंदाज साधारण तेवढा इकडेतिकडे होईल. प्रत्येक गावाला एकच चिठ्ठी दिली असती आणि दोनच सोडती काढल्या असत्या, तर प्रचरण १२,६३५ आणि चूक सुमारे ११२ हेक्टर. मोजणीची मेहनत तीच, चूक दहापट. ही किमया घडते ती कांद्याचे क्षेत्र गावाच्या एकूण क्षेत्राच्या साधारण प्रमाणात आहे म्हणून. ते काटेकोर प्रमाणात असते, तर सगळे भागाकार सारखेच आले असते आणि प्रचरण शून्य झाले असते.

प्रत्यक्षात Y ठाऊक नसतो, त्यामुळे प्रचरणही नमुन्यावरूनच काढावे लागते:

v = Σ (yᵢ/pᵢ − Ŷ)² / (n(n−1))

आपले दोन आकडे १८० आणि २०२, सरासरी १९१. दोन्हींचा फरक ११, वर्ग १२१, बेरीज २४२, ती दोनने भागली की १२१. वर्गमूळ ११ हेक्टर, म्हणजे खऱ्या ११.४ च्या अगदी जवळ.

या साधेपणासाठीच चिठ्ठी परत टाकायची असते. एकच गाव दोनदा येऊ शकते. आपल्या उदाहरणात पाचवे गाव दोन्ही वेळा येण्याची शक्यता चारात एक आहे. तसे झाले तर ते दोनदाच धरायचे, टाकून द्यायचे नाही. त्यात माहिती थोडी वाया जाते, आणि दोनच सोडतींत v शून्य निघून खोटा दिलासाही मिळतो. म्हणून सोडती दोनवर थांबवू नयेत. पण मोबदल्यात प्रत्येक सोडत दुसरीपासून स्वतंत्र राहते. चिठ्ठी परत न टाकता हेच करायचे, तर १९५२ सालचे हॉर्विट्झ आणि थॉम्पसन यांचे सूत्र लागते. त्याच्या प्रचरणासाठी गावांच्या प्रत्येक जोडीची एकत्र येण्याची संभाव्यता काढावी लागते. पाच गावांत अशा जोड्या दहा, हजार गावांत जवळजवळ पाच लाख.

मला या सूत्राचा सर्वांत मोठा गुण वेगळाच वाटतो. निवडलेल्या गावात तरी सगळी शेते कुठे मोजून होतात? तिथेही काही शेतकरी निवडायचे आणि त्यांच्यावरून गावाचा अंदाज काढायचा. हा गावचा अंदाज निःपक्ष असेल आणि गाव दुसऱ्यांदा आल्यास शेतकरी नव्याने निवडले असतील, तर वरचे v तसेच वापरता येते. गावागावांतल्या अंदाजांच्या फरकात शेतांच्या निवडीतली चूकही मिसळलेली असतेच, त्यामुळे तिचा वेगळा हिशेब करावा लागत नाही. भारताच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने अनेक फेऱ्यांत गावे लोकसंख्येच्या प्रमाणात, परत टाकण्याच्या रीतीने निवडली आहेत. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना पीक कापणी प्रयोगांना नमुना निवडीची शिस्त लावली. १९५४ साली आलेल्या त्यांच्या नमुना सर्वेक्षणावरील पाठ्यपुस्तकातून ही गणिते देशोदेशीच्या विद्यार्थ्यांपर्यंत गेली.

मात्र ही रीत एका ठिकाणी दगा देते. समजा दफ्तरातले आकडे जुने आहेत. मधल्या काळात पहिल्या गावाला पाणी आले आणि तिथले कांद्याचे क्षेत्र १२ वरून ८० हेक्टर झाले. चिठ्ठी मात्र एकच राहिली. खरी बेरीज आता २६८. हे गाव सोडतीत आले की ८० भागिले ०.०५, म्हणजे १६०० चा आकडा हिशेबात घुसतो. दोन सोडतींतली चूक सुमारे २१६ हेक्टरवर जाते. सगळ्यांना सारखी चिठ्ठी दिली असती तर ती १११ च राहिली असती. त्याहून वाईट असे की दोन सोडतींत हे गाव येण्याची शक्यता दहा टक्क्यांहूनही कमी आहे. उरलेल्या नव्वद वेळा नमुन्यातले आकडे एकमेकांशी छान जुळतात, v लहान निघते, अहवालात चूक किरकोळ दिसते आणि अंदाज मात्र साठ-सत्तर हेक्टरने कमी पडलेला असतो. सूत्र सरासरीने खरे बोलते, पण तुमच्या हाती एकच नमुना असतो.

देबब्रत बसू यांनी १९७१ साली याचे टोक दाखवले. सर्कशीच्या मालकाला पन्नास हत्तींचे एकूण वजन हवे आहे. मध्यम वजनाचा सांबो हत्ती तोलून पन्नासने गुणावे, हा त्याचा सरळ विचार. संख्याशास्त्रज्ञ मात्र सांबोला १०० पैकी ९९ ची संभाव्यता देतो आणि बाकी प्रत्येकाला ४९०० पैकी १ ची. सांबोच निवडून येतो. आता सूत्राप्रमाणे पन्नास हत्तींचे एकूण वजन हे सांबोच्या वजनाच्या १०० भागिले ९९ पट, म्हणजे जेमतेम एका हत्तीएवढे ठरते. बसूंच्या गोष्टीत त्या संख्याशास्त्रज्ञाची नोकरी जाते. सूत्र निःपक्षच होते, पण संभाव्यतेचा वजनाशी काही संबंध नव्हता.

हा दोष पकडायचा तर मोजणी हाती येताच प्रत्येक गावाचा yᵢ/pᵢ शेजारी शेजारी मांडून पाहावा. एखादा आकडा बाकीच्यांच्या कितीतरी पट असेल, तर त्या गावाच्या क्षेत्राची नोंद कोणत्या वर्षाची आहे ते आधी तपासावे. आणि ज्या गावांचे क्षेत्र शून्य किंवा नगण्य नोंदले आहे, त्यांना किमान ठरावीक संधी द्यावी. शून्य संभाव्यतेचे गाव कधीच निवडले जात नाही, आणि त्याचा कांदा कुठल्याही सूत्राला दिसत नाही. एखाद्या पाहणीचा अहवाल हाती आला, तर गावे कशाच्या प्रमाणात निवडली आणि ते माप कोणत्या सालचे, एवढे दोन प्रश्न आधी विचारा.