कढीतल्या दह्याचे जिवाणू

विरजणातले लॅक्टोबॅसिलस आणि स्ट्रेप्टोकोकस जिवाणू ४० ते ४५ अंश सेल्सिअसला जोमाने वाढतात. तापमान ६० अंशांपलीकडे गेले की ते काही मिनिटांत मरू लागतात. बेसन लावलेले ताक फुटू नये म्हणून कढी मंद आचेवर ढवळतात, पण तेव्हाही ती ८० अंशांच्या पुढे जातेच. त्यामुळे शिजलेल्या कढीत जिवंत जिवाणू जवळजवळ उरत नाहीत. अशी कढी कोमट दुधाला विरजण म्हणून लावली, तर दही लागत नाही. प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येने जिवंत असलेले उपयुक्त जिवाणू, म्हणून कढीला ते नाव देता येत नाही. आंबटपणा देणारे लॅक्टिक आम्ल, प्रथिने आणि कॅल्शियम मात्र टिकतात. जिवंत जिवाणू हवेच असतील, तर रस्सा बोटाला सोसेल इतका निवल्यावर ताजे दही कालवावे आणि पुन्हा गरम करू नये.