शेजारच्या पिक्सेलचा आधार

कृष्णधवल डिजिटल छायाचित्रात प्रत्येक पिक्सेलची उजळता ० ते २५५ यांमधल्या एका आकड्याने नोंदवतात. त्यासाठी ८ बिट लागतात. पण चित्राची कोणतीही एक ओळ डावीकडून उजवीकडे वाचत गेले, तर लागोपाठचे आकडे सहसा एकमेकांच्या जवळपासच असतात. आकाश, भिंत, गाल या सगळ्यांवर उजळता हळूहळू बदलते. मोठी उडी फक्त वस्तूंच्या कडांशी येते. मग पूर्ण आकडा लिहिण्याऐवजी डावीकडच्या पिक्सेलपासूनचा फरक तेवढा लिहावा, ही भाकितावर आधारलेल्या संकेतनाची सर्वांत सोपी रीत. ‘हा पिक्सेल मागच्यासारखाच असेल’ हे भाकीत, आणि ते जेवढे चुकले तेवढीच नोंद.

एका ओळीतले १६ पिक्सेल असे आहेत असे समजू: ८१, ८१, ८२, ८३, ८३, ८५, ८६, ८५, ८७, ८८, ८८, ८९, ९०, ९१, ९१, ९०. पहिल्याच्या डावीकडे कोणी नाही, म्हणून त्याच्यासाठी वरच्या ओळीतला पिक्सेल आधाराला घ्यायचा. तो ८० आहे. आता फरक येतात ते असे: १, ०, १, १, ०, २, १, −१, २, १, ०, १, १, १, ०, −१. परत मूळ आकडे मिळवायला ८० पासून एकेक फरक मिळवत जायचे. कुठेही काही गळत नाही, म्हणूनच ही रीत हानिरहित.

किती बचत झाली हे एन्ट्रॉपी सांगते. कोणता आकडा किती वेळा येतो एवढेच पाहून संकेत ठरवायचा असेल, तर दर पिक्सेलला सरासरी किमान किती बिट लागतील, त्याचे हे माप. मूळ ओळीत १० वेगवेगळे आकडे आहेत. ६ आकडे दोनदा आणि ४ एकदाच येतात. त्यांची एन्ट्रॉपी ३.२५ बिट. फरकांत मात्र चारच किमती उरतात: १ आठ वेळा, ० चार वेळा, २ आणि −१ दोन-दोन वेळा. एन्ट्रॉपी १.७५ बिट. हफमन पद्धतीने १ ला ‘०’, ० ला ‘१०’, २ ला ‘११०’ आणि −१ ला ‘१११’ असे संकेत दिले की सगळी ओळ २८ बिटांत बसते. मूळ आकड्यांना असेच संकेत दिले असते तर ५२ बिट लागले असते, आणि काहीच न करता १२८. अर्थात इतक्या छोट्या नमुन्यात संकेतांचा तक्ताच ओळीपेक्षा जड होईल. तो खर्च अख्ख्या चित्रावर पसरला तरच परवडतो.

इथे एक शंका रास्त आहे. फरकांवरून मूळ ओळ जशीच्या तशी मिळते, म्हणजे माहिती तेवढीच राहिली; मग एन्ट्रॉपी घटली कशी? उत्तर मापात आहे. वरची मोजणी प्रत्येक आकडा सुटा धरते आणि शेजाऱ्यांचे नाते पाहतच नाही. ओळीतली खरी माहिती ३.२५ बिटांच्या हिशोबाइतकी कधीच नव्हती. फरक घेतल्याने हे नाते आकड्यांच्या वारंवारतेत उतरते आणि साध्या हफमन संकेतालाही दिसू लागते.

नाते कमकुवत असेल तर हाच उपाय उलटतो. शेजारच्या पिक्सेलांचा सहसंबंध ०.९५ असेल, तर फरकांचे विचरण मूळ विचरणाच्या एक दशांशावर येते. वितरणाचा आकार साधारण तोच राहिला, तर दर पिक्सेलला सुमारे १.६६ बिट वाचतात. सहसंबंध ०.५ वर आला की विचरण मूळ विचरणाएवढेच राहते आणि फायदा संपतो. शेजाऱ्यांचा काहीच संबंध नसेल तर विचरण दुप्पट होते आणि घंटाकृती वितरणात एन्ट्रॉपी अर्ध्या बिटाने वाढते. कमी प्रकाशात काढलेल्या, रवाळ छायाचित्रांत याची चुणूक दिसते: कॅमेऱ्यातल्या गोंगाटाचे भाकीत करताच येत नाही. रंगांच्या तक्त्यातला केवळ क्रमांक साठवणाऱ्या चित्रांतही फरक सहसा निरुपयोगी ठरतो, कारण ७ आणि ८ क्रमांकांचे रंग जवळचे असतीलच असे नाही.

फरक −२५५ ते २५५ असू शकतो, म्हणजे वरवर पाहता ९ बिट हवेत. PNG मध्ये त्यावर तोड अशी: फरक ऋण आला की त्यात २५६ मिळवायचे. २५० नंतर १० आला तर फरक −२४०, नोंद १६. वाचताना २५० आणि १६ मिळून २६६. त्यातून २५६ वजा केले की १०. PNG च्या या रीतीचे नाव Sub. पहिल्या पिक्सेलच्या डावीकडे ती ० धरते.

या साखळीची एक किंमत आहे. फरकांतला एक आकडा जरी बिघडला, तरी त्याच्या उजवीकडचे सगळे पिक्सेल ओळ संपेपर्यंत चुकतात आणि चित्रात आडवा पट्टा दिसतो. बचतीच्या बाजूने पाहिले तर प्रत्येक ओळीला डावीकडचाच शेजारी सोयीचा असतो असेही नाही. म्हणून PNG मध्ये दर ओळीला पाच पर्याय असतात: फरक न घेणे, डावा पिक्सेल, वरचा पिक्सेल, त्या दोघांची सरासरी, किंवा डावा, वरचा आणि वर-डावा यांतून एक निवडणारी Paeth रीत. निवडलेल्या पर्यायाचा क्रमांक ओळीच्या सुरुवातीला एका बाइटमध्ये लिहिलेला असतो.