लेबलं छापायची, कुणाला न विचारता

समजा, पुण्यातल्या एका पुस्तक वितरकाच्या कार्यालयात पार्सलांवरची लेबलं छापायला एक छोटं टूल आहे. हिशेब विभागातल्या एकाने ते घरच्या घरी बनवलेलं. एक्सेलमधली ऑर्डरींची यादी CSV फाइल म्हणून जतन करायची, टूलमध्ये चढवायची आणि लेबलं छापायची, एवढंच काम. तरीही दर दुपारी गोदामातून कुणीतरी येतं: "अहो, नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं का आलीत?"

शेवटी तो मार्गदर्शिका लिहायला बसतो. अशा वेळी बहुतेक जण टूलची ओळख, त्याचे फायदे आणि मग पडद्यावरचं एकेक बटण या क्रमाने लिहीत जातात. पण गोदामातल्या माणसासमोर पार्सलं रचून ठेवलेली असतात आणि गाडी चारला निघते. त्याला बटणांची यादी नको, लेबलं हवी आहेत. म्हणून शीर्षकही कामाचंच हवं: 'आजच्या ऑर्डरींची लेबलं छापणे'.

१९८०च्या दशकात आयबीएममध्ये संशोधन करणाऱ्या जॉन कॅरल आणि सहकाऱ्यांनी नवखी माणसं वर्ड प्रोसेसर कसा शिकतात ते जवळ बसून पाहिलं. लोक पुस्तिका क्रमाने वाचतच नव्हते. मधली पानं सोडून थेट काम करू पाहत आणि अडकत. मग या गटाने जाड पुस्तिकेऐवजी २५ कार्डं करून पाहिली. प्रत्येक कार्डावर एक काम, थोड्या सूचना, ते जमलं की नाही हे ओळखायची खूण आणि बिघडलं तर उपाय. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी आजही बहुतेक मार्गदर्शिकांत सापडत नाहीत, आणि सहकारी विचारायला येतात ते नेमकं त्यांच्याचसाठी.

लेबलांचंच घ्या. 'फाइल CSV म्हणून जतन करा' एवढं लिहिलं, तर माणूस यादीत दिसणारा साधा CSV पर्याय निवडतो. विंडोजवरचं एक्सेल त्या पर्यायात देवनागरी अक्षरं सांभाळत नाही. त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं घालून मोकळं होतं. म्हणजे चूक होते एक्सेलमध्ये आणि दिसते टूलमध्ये. गोदामातला माणूस टूललाच दोष देणार, यात नवल काय? म्हणून ही पायरी अशी लिहायला हवी:

```
१. ऑर्डरींची यादी एक्सेलमध्ये उघडा.
   File > Save As मध्ये हा प्रकार निवडा:
   CSV UTF-8 (Comma delimited)
२. फाइल टूलमध्ये चढवा.
   खूण: पडद्यावर पहिलं नाव मराठीत दिसतं.
   ???? दिसलं तर: ही CSV टाकून द्या,
   मूळ .xlsx उघडून पायरी १ पुन्हा करा.
```

'टाकून द्या' हे शब्द मुद्दाम आहेत. प्रश्नचिन्हं झालेल्या फाइलीत मूळ अक्षरं उरलेलीच नसतात. ती योग्य प्रकारात पुन्हा जतन करून काही होत नाही, मूळ यादीकडेच जावं लागतं. हे न सांगितल्यास माणूस अर्धा तास त्याच फाइलीशी झटत राहतो.

दुसरा घोटाळा जास्त चोरटा आहे. काळजीवाहू सहकारी तयार CSV नीट झाली का ते पाहायला तिच्यावर डबल-क्लिक करतो आणि सवयीने जतन करून बंद करतो. ऑर्डर क्रमांक 00457 असेल तर एक्सेल त्याला संख्या समजून 457 करतं. लेबल व्यवस्थित छापलं जातं, पण क्रमांक जुळत नाही आणि पार्सल अडकतं. इथे पडद्यावर ओरडून सांगणारं काही नसतं. म्हणून 'CSV एक्सेलमध्ये उघडून पाहू नका' ही ताकीद पायरी २ च्या आधी हवी. नंतर दिलेली ताकीद वाचेपर्यंत हात चालून गेलेला असतो. त्याच न्यायाने 'आधी एकच पान छापून पाहा' हे वाक्य 'सगळी छापा' या पायरीच्या वर.

मजकूर तयार झाला की तो टूल कधीच न वापरलेल्या सहकाऱ्याला द्यावा, खरीखुरी यादी द्यावी आणि लिहिणाऱ्याने शेजारी गप्प बसावं. हे गप्प बसणंच अवघड. माऊस जिथे घुटमळतो, तिथे एक शब्द कमी पडलेला असतो. जुन्या संगणकावर बसवलं, तर कदाचित कळेल की एक्सेल २०१३ मध्ये UTF-8 चा तो पर्यायच नाही. मग एक ओळ वाढते: 'पर्याय दिसला नाही तर काउंटरवरच्या संगणकावरून करा.'

UTF-8 म्हणजे काय, टूल कसं बनलं, हा मजकूर वेगळ्या पानावर राहू दे. मार्गदर्शिकेचा दुवा मात्र टूलच्याच पडद्यावर, फाइल चढवायच्या बटणाशेजारी द्यावा, कारण माणूस अडतो तिथेच. खाली शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख, आणि तरीही अडलं तर कुणाला काय पाठवायचं ते: मूळ यादी आणि पडद्याचा फोटो. एवढं हाती आलं, की हिशेब विभागातला तो माणूस जागेवरून न उठता उत्तर देऊ शकतो आणि त्याच दिवशी मार्गदर्शिकेत ती ओळ घालू शकतो.