समरीत नाव चुकलं तर

गेल्या वर्षी आमच्या औषधवितरणाच्या ऑफिसात स्टॉकचा एक फरक निघाला. खोकल्याच्या एका सिरपच्या गोडाऊनमध्ये बाटल्या होत्या 288 आणि कॉम्प्युटरवर दिसत होत्या 240. माल जास्त निघाला म्हणून कोणी खूश होत नाही. कुठल्या तरी दुकानाचं बिल फाडून माल द्यायचाच राहिला की काय, ही धास्ती असते. आठवडाभर त्यावर मेल फिरत होते.

कारण मला गोडाऊनमध्ये खोक्यावरच्या लेबलावर सापडलं. पूर्वी एका खोक्यात 10 बाटल्या यायच्या, आता 12 येत होत्या. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र खोकं म्हणजे 10 हाच हिशोब होता. खोकी 24, म्हणून 48 बाटल्यांचा फरक. मग तीन महिन्यांची खरेदीची बिलं काढून, नेमक्या कुठल्या लॉटपासून पॅकिंग बदललं ते शोधलं आणि दुरुस्तीची एक्सेल शीट केली. ती मी स्टोअरच्या काकांना पाठवली. त्यांनी माणसं लावून सगळा माल पुन्हा मोजून घेतला, शीट ताडून पाहिली आणि सगळ्यांना फॉरवर्ड केली.

शुक्रवारी मॅनेजर मॅडमनी ट्रेल मेलची समरी काढली. तिच्यात लिहिलं होतं, ‘फरकाचं कारण स्टोअर इन्चार्जनी शोधून दुरुस्तीची शीट तयार केली.’

ते वाक्य वाचून पोटात गोळा आला. पण चूक कशी झाली हे आधी पाहिलं, आणि ते पाहिलं म्हणूनच पुढचं सगळं नीट झालं. समरी लिहिणारा माणूस तीस-पस्तीस मेल वरून खाली वाचतो, आणि वर असतो सगळ्यात शेवटचा मेल. शिवाय मेलला नुसता रिप्लाय केला की जोडलेली फाइल गळून पडते, फॉरवर्ड केला की सोबत जाते. माझी शीट सगळ्यांपर्यंत पोचली ती काकांच्या मेलमधून. काकांनी ती उघडून एका रकान्यात मोजणीचे आकडे भरून सेव्ह केली होती, त्यामुळे फाइलच्या माहितीत ‘शेवटचा बदल’ म्हणून त्यांचंच नाव होतं. माझा मूळ मेल फक्त काकांना गेला होता. मॅडमनी तो पाहिलेलाच नव्हता. यात कोणाचाही डाव नव्हता.

बहुतेक वेळा असंच असतं, असं माझं मत आहे. म्हणून रागाने बोट चालवण्याआधी आपला मूळ मेल शोधावा. जीमेलमध्ये सर्चच्या चौकटीत `from:me has:attachment` लिहिलं की आपण फाइल जोडून पाठवलेले मेल समोर येतात. तो मेल आपण परत वाचायचा आणि स्वतःला विचारायचं की यातलं माझं नेमकं काय. माझ्या बाबतीत कारण शोधणं आणि शीट माझी होती. मोजणी आणि ताळा काकांचा होता, आणि ते काम हलकं नव्हतं. पत्र्याच्या गोडाऊनमध्ये उभं राहून करायचं ते काम. ही वाटणी मनात स्पष्ट नसेल तर आपली दुरुस्तीही चुकीची होते आणि मग समोरचा माणूस ती दुरुस्त करत बसतो.

मग मी खाली स्टोअरमध्ये गेले. ‘काका, मॅडमच्या समरीत शीट तुम्ही केली असं आलंय. मी त्यांना कळवतेय. मोजणी तुमची, हेही लिहिते.’

‘अगं, मी ती नीट वाचलीच नव्हती. कळव की,’ काका म्हणाले.

या दोन वाक्यांनी निम्मं काम होतं. सहकाऱ्याला न सांगता वर कळवलं, तर ज्या चुकीत त्याचा हात नाही तिच्यासाठी त्याला सगळ्यांसमोर उभं केल्यासारखं होतं. आणि ‘मी कुठे म्हटलं मी केलं?’ असा त्याचा रिप्लाय आला की विषय स्टॉकचा राहत नाही.

मॅडमना पाठवायचा मेल मी दोनदा लिहिला. पहिला असा होता: ‘मॅडम, श्रेयाचा प्रश्न नाही, प्लीज गैरसमज करून घेऊ नका, पण खरं तर रात्री आठपर्यंत थांबून मी एकटीने सगळी बिलं तपासली होती.’ तो पाठवला नाही. ‘श्रेयाचा प्रश्न नाही’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला श्रेयाचाच प्रश्न दिसतो. ‘खरं तर’मध्ये मॅडम खोटं बोलल्याचा सूर येतो. रात्रीचे आठ आणि एकटी, हे मेहनतीचं मोजमाप झालं. मॅडमना समरीत काय बदलायचं ते त्यातून कळतच नाही.

पाठवला तो हा:

‘मॅडम, समरीत एक दुरुस्ती हवी आहे. सिरपच्या फरकाचं कारण (खोक्यात 10 ऐवजी 12 बाटल्या) मी शोधलं आणि शीट मी तयार केली. मंगळवारचा माझा मेल सोबत जोडला आहे. मालाची मोजणी आणि शीटची पडताळणी स्टोअर इन्चार्जची आहे. बिलांबद्दल प्रश्न आले तर ते माझ्याकडे पाठवावेत. समरी हेड ऑफिसला जाण्याआधी ते वाक्य बदलता येईल का?’

यात ‘मी’ दोनदा आला आहे आणि तो यायलाच हवा. ‘आमच्याकडून शीट झाली’ असं भिडेखातर लिहिलं, तर मॅडमनी बदलायचं काय? मला वाटतं, क्षुद्रपणा ‘मी’ म्हणण्यात नसतो, दुसऱ्याचा वाटा खोडण्यात असतो. म्हणून काकांचं वाक्य त्याच मेलमध्ये, तितक्याच सरळपणे आहे. मूळ मेल जोडल्यामुळे मॅडमना कोणाला विचारत बसावं लागलं नाही. आणि बदल मूळ वाक्यातच मागितला, कारण नंतर पाठवलेला खुलासा कोणी वाचत नाही, पुढे जाते ती समरी.

हा मेल फक्त मॅडमना गेला, रिप्लाय ऑल नाही. समरी त्यांनी लिहिली, दुरुस्त करून सगळ्यांना पाठवायचा मानही त्यांचाच. वेळ मात्र दवडली नाही. शुक्रवारी दुपारी समरी आली, संध्याकाळच्या आत मेल गेला. सोमवारी हेड ऑफिसच्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये ते वाक्य उतरलं असतं, तर मॅडमना त्यांच्या वरिष्ठांकडे जाऊन आपली चूक सांगावी लागली असती, आणि तेव्हा तेच मागणं जड झालं असतं.

प्रत्येक वेळी एवढं करू नये. ‘टीमने शोधलं’ असं लिहिलं असतं तर मी गप्प बसले असते, कारण ते खोटं नव्हतं. एखादा फोन कोणी केला, बैठक कोणी ठरवली, एवढ्यासाठी मेल लिहू नये. पण एकाच माणसाकडून तीन-चारदा आपलं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं, तर मेलच्या दुरुस्त्या पुरत नाहीत. तारखा आणि मूळ मेल घेऊन साहेबांसमोर बसून बोलावं लागतं. मीही तेव्हापासून शीट झाली की स्वतःच सगळ्यांना पाठवते आणि पहिल्या रकान्यावर ‘तयार केली’ आणि ‘तपासली’ अशा दोन ओळी ठेवते.

मॅडमनी तासाभरात समरी बदलून पाठवली, वर एवढंच: ‘नावांत दुरुस्ती केली आहे.’ दोन महिन्यांनी ऑडिट आलं. ऑडिटरनी विचारलं, मे आणि जूनच्या बिलांत बदल आहे, एप्रिलच्या का नाही? मॅडमनी फोन माझ्या टेबलावर वळवला. एप्रिलचा लॉट जुन्या पॅकिंगचा होता, खोक्यात 10 बाटल्यांचा, आणि त्याच्या लेबलाचा फोटो माझ्याकडे होता.