काचपट्टीवरच्या रेघेतून हेलियमचा हिशेब

१९१९ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत फ्रान्सिस अ‍ॅस्टनने अणूंचं वस्तुमान फोटोवरून मोजणारं यंत्र तयार केलं. विद्युतभारित अणू विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून नेले, की सारख्या वस्तुमानाचे अणू फोटोच्या काचपट्टीवर एकाच जागी आदळतात आणि तिथे बारीक रेघ उमटते. ओळखीच्या अणूंच्या रेघांशी ती ताडून पाहिली की वस्तुमान कळतं.

त्यात एक गंमत निघाली. हायड्रोजन भरला साधारण १.००८, हेलियम ४.००. चार हायड्रोजन मिळून ४.०३२ व्हायला हवेत. मग ०.०३२ गेलं कुठे? १९२० सालीच आर्थर एडिंग्टनने यावरून ताऱ्यांच्या उष्णतेचा उगम सुचवला. केंद्रक बांधलं जाताना तेवढी ऊर्जा बाहेर पडते, आणि केंद्रक फोडायचं तर तेवढीच परत मोजावी लागते. कमी भरलेलं वजन ही वस्तुमान-तूट, आणि तिच्याएवढी ऊर्जा ही बंधन ऊर्जा.

न्यूट्रॉन सापडला १९३२ साली, म्हणून आजचा हिशेब जरा वेगळा मांडतात. हेलियममध्ये दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन. हायड्रोजनचा अणू १.००७८२५ एकक, न्यूट्रॉन १.००८६६५. दोन-दोन घेतले की बेरीज ४.०३२९८०. हेलियमचा अणू ४.००२६०३. तूट ०.०३०३७७ एकक.

आता आइन्स्टाइनचं E = mc² लावायचं. किलोग्रॅम, ज्यूल असा लांबचा फेरा घ्यायची गरज नाही. एक एकक म्हणजे ९३१.५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, एवढं पुरतं. गुणाकार २८.३० येतो. केंद्रकात चार कण, म्हणून कणामागे ७.०७.

फसगत होते ती वजाबाकीत. दोन मोठ्या आकड्यांतला हा जेमतेम फरक. दोनच दशांश ठेवले तर तूट ०.०४ होते आणि उत्तर थेट ३७ वर जातं. दुसरी चूक जास्त लबाड आहे. तक्त्यात बहुधा इलेक्ट्रॉनांसकट अख्ख्या अणूचं वस्तुमान छापलेलं असतं. हायड्रोजनच्या अणूऐवजी नुसता प्रोटॉन, १.००७२७६, घेतला तर हेलियमचे दोन इलेक्ट्रॉन वजा होत नाहीत आणि उत्तर २७.२७ येतं. हे पटण्याजोगं दिसतं, म्हणूनच खपून जातं. पण ते १.०२ ने कमी आहे, आणि एका इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ०.५११ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट असतं. फरक ०.५११ च्या पटीत आला की चोर सापडलाच.

हीच रीत लोखंड-५६ ला लावली की कणामागे ८.७९ येतात, युरेनियम-२३५ ला साधारण ७.५९. म्हणून हलकी केंद्रकं जुळताना आणि युरेनियम फुटताना, दोन्हीकडे ऊर्जा सुटते. सर्वात घट्ट बांधलेलं केंद्रक लोखंडाचं, असं सर्रास सांगितलं जातं. पण केसभर का होईना, पहिला नंबर निकेल-६२ चा आहे.